गोंयकारपण, गोवेकरपण की गोवेकरपणा?

मांडवीकाठ
आमच्या गावातल्या मराठी वाचनालयाच्या स्मरणिकेचे संपादन यंदा माझ्याकडे आले आहे. त्यातल्या मुख्य लेखाचा विषय आहे तो शब्द म्हणजे गोंयकारपण, जो आपण सर्वजण कोकणीत बोलताना आणि सभांमधून ऐकताना सहज वापरतो. लेख मात्र मराठीत आहे. लेखकाने मजकुरात एका ठिकाणी ‘गोवेकरपण’, दुसऱ्या ठिकाणी ‘गोवेकरपणा’ आणि शेवटी ‘गोमंतकीयत्व’ असे तीन शब्द वापरले आहेत, आणि मला छपाईपूर्वी त्यांतला एक ठरवायचा आहे. तीनही शब्द मराठी कानाला चालतात, पण ते एकाच अर्थाचे आहेत असे मला वाटत नाही. पण आणि पणा यांत नेमका फरक काय, आणि तो ‘कर’ लागलेल्या शब्दापुढे कसा चालतो, हे कोणी उदाहरणे देऊन सांगेल का?

रानफूल
यात फार विचार करण्यासारखे काही नाही असे मला वाटते. ‘पण’ हे कोकणीतले आणि हिंदीतल्या ‘पन’सारखे रूप आहे, तर मराठीचे स्वतःचे रूप ‘पणा’ आहे. साधेपणा, भोळेपणा, वेडेपणा, मूर्खपणा, आळशीपणा हे सगळे पाहा. शिवाय ‘कर’ने संपणाऱ्या शब्दांना मराठीत ‘पणा’च लागतो. खोडकरपणा, खेळकरपणा. तेव्हा गोवेकरपणा.

खाजेकार
माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. ज्याचे आजोबा येथे जन्मले तो गोवेकर, की जो येथे पंधरा वर्षे कर भरतो तो? आमच्या वाड्यावर यावरून गणेशचतुर्थीच्या बैठकीत दोन तट पडले आणि शेवटी नेवऱ्या संपल्यामुळे चर्चा थांबली. लेखात हे आधी ठरवावे, प्रत्यय मागाहून.

मांडवीकाठ
खाजेकारभाऊ, तो लेखकाचा विषय आहे आणि त्याने त्यावर सहा पाने लिहिली आहेत. मला फक्त शब्दाचे शेवटचे अक्षर ठरवायचे आहे.

जुने मास्तर
रानफूल यांनी दिलेले खोडकरपणाचे उदाहरण चांगले आहे, परंतु त्यातूनच त्यांच्या निष्कर्षाच्या उलट गोष्ट सिद्ध होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम, ‘पण’ हे परके रूप नाही. बालपण, म्हातारपण, शहाणपण, देवपण, आईपण, माणूसपण हे शब्द अस्सल मराठी आहेत. वैदिक संस्कृतातल्या ‘त्वन’ या प्रत्ययापासून प्राकृतातून ‘पण’ आपल्याकडे आले, म्हणजे ‘त्व’ आणि ‘पण’ ही एकाच कुळातली भावंडे आहेत. मराठीत ‘पण’ नपुंसकलिंगी आणि ‘पणा’ पुल्लिंगी आहे. ते म्हातारपण, तो वेडेपणा.

आता फरक पाहू. ‘म्हातारपण आले’ असे आपण म्हणतो. ‘म्हातारपणा आला’ असे कोणी म्हणत नाही. ‘मूर्खपणा केला’ म्हणतो. ‘मूर्खपण केले’ म्हणत नाही. एकाच मूळ शब्दाला दोन्ही प्रत्यय लागतात तेथे फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘त्याला शहाणपण आले’ ही समाधानाची गोष्ट आहे आणि ‘शहाणपणा करू नकोस’ ही दटावणी आहे. ‘घरातले मोठेपण त्याच्याकडे आले’ म्हणजे वडीलधाऱ्याचे स्थान आले, आणि ‘त्याने मोठेपणा दाखवला’ म्हणजे उदारपणे वागला किंवा बोलणाऱ्याचा सूर वाकडा असेल तर मिरवला. ‘पण’ लागले की माणूस काय आहे ते सांगितले जाते, ‘पणा’ लागला की तो कसा वागतो किंवा कसा जाणवतो ते.

म्हणून खोडकरपणा बरोबर आहे, कारण खोडकर हे स्वभावाचे विशेषण आहे आणि खोड्या करून दाखवता येतात. गोवेकर हे विशेषण नव्हे. ते कोठले आहोत याचे नाम आहे. त्यातला ‘कर’ आणि खोडकरातला ‘कर’ दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे आहे. गोवेकर असणे ही अवस्था म्हणजे गोवेकरपण. गोवेकरासारखे वागणे म्हणजे गोवेकरपणा.

खाजेकार
म्हणजे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून घोरणे हा गोवेकरपणा, आणि चार वाजता दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकाने त्याबद्दल तक्रार न करणे हे गोवेकरपण.

जुने मास्तर
अगदी तसेच. आमच्या वर्गात इतके चांगले उदाहरण मला कधी सुचले नसते.

एकला
मास्तरांचा नियम मोहक आहे, तरी मला एक अडचण दिसते. ‘मला एकटेपणा जाणवतो’ असे आपण म्हणतो, आणि एकटेपणा कोणी ‘करत’ नाही. ‘पोरकेपणा’ही तसाच. ही तर अवस्थाच आहे. मग तेथे ‘पणा’ कसा?

जुने मास्तर
आक्षेप योग्य आहे. ‘करणे’ हे क्रियापद लावून पाहण्याची कसोटी एकाच दिशेने चालते. जे करता येते त्याला बहुधा ‘पणा’च लागतो, परंतु ज्याला ‘पणा’ लागतो ते सगळे करता येतेच असे नाही. कैरीचा आंबटपणा, भिंतीचा ओलसरपणा, डिंकाचा चिकटपणा हे कोण करतो? तेथे दुसरी कसोटी उपयोगी पडते, ती म्हणजे कमीजास्त होण्याची. खारटपणा थोडा असतो, जास्त असतो, वाढतो, उतरतो. एकटेपणाही संध्याकाळी वाढतो. आईपण थोडे किंवा जास्त असत नाही. जे मोजपट्टीवर वरखाली सरकते आणि जाणवते, त्याकडे ‘पणा’ झुकतो. एकटेपण असा शब्दही आहेच, आणि तो लिहिणाऱ्याला बहुधा परिस्थिती सांगायची असते, टोचणी नव्हे.

एकला
‘थोडे शहाणपण शिक’ असे माझी आई मला रोज म्हणत असे. ते थोडे कसे चालले?

जुने मास्तर
चालले खरे, आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. ‘लहानपण देगा देवा’ या अभंगचरणातही लहानपण म्हणजे बालपण नसून नम्रता आहे, आणि नम्रता ही कमीजास्त होणारी गोष्ट आहे. आज लिहिताना आपण तेथे कदाचित ‘लहानपणा’ म्हटले असते. यावरून मला एवढेच वाटते की पूर्वी ‘पण’ दोन्ही कामे करत होते आणि ‘पणा’ने त्यातला वाटा हळूहळू उचलला, जुन्या, फार वापरातल्या शब्दांत ती वाटणी पूर्ण झालेली नाही.

रानफूल
माझे ‘पण कोकणीचे, पणा मराठीचे’ हे विधान फार सरसकट होते असे मान्य केले तरी त्यात काहीच तथ्य नाही असे मला वाटत नाही. कोकणीत ‘गोंयकारपणा’ असे रूप ऐकू येत नाही. तेथे एकच ‘पण’ असताना मराठीला दोन कशाला लागतात?

साकव
मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करतो, आणि घरी कोकणी, कामावर मराठी अशी माझी रोजची ये-जा असल्यामुळे यावर थोडे बोलू शकतो. कोकणीत ‘पण’ एकटेच सगळा भार उचलत नाही. चवीसाठी तेथे वेगळा प्रत्यय आहे. गोडसाण, कोडसाण. मराठीत मात्र कडूपणा, तुरटपणा असे सगळे ‘पणा’च्याच पदरात पडते. तेव्हा दोन्ही भाषांनी वाटणी केली आहे, फक्त रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली आहे.

‘कर’ आणि ‘कार’ यांचेही तसेच आहे. कोकणीतला गोंयकार मराठीत आणताना ‘गोवेकार’ करता येत नाही, कारण मराठी वाचकाला ‘कार’ म्हणजे निर्माण करणारा असे वाटते. नाटककार नाटक लिहितो, चित्रकार चित्र काढतो. गोवेकार म्हटले तर हा गृहस्थ गोवा तयार करून ठेवणारा परशुरामच व्हायचा. तरीही आपल्याकडच्या मराठीत भाटकार आणि मुंडकार हे शब्द ‘कार’सकट राहिले, आणि 1975 च्या मुंडकार कायद्यामुळे तर ते कागदोपत्री पक्के झाले. भाट म्हणजे नारळीची बाग हे ठाऊक नसलेला पुण्याचा वाचक भाटकाराला स्तुती रचणारा भाट समजतो, हा अनुभव मी घेतला आहे.

खाजेकार
साकवभाऊ, मग गावकर, गावकार आणि गावकरी या तिघांचे काय? माझ्या शेजारी तिघेही राहतात आणि तिघेही एकमेकांशी बोलत नाहीत.

साकव
गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी हे स्पष्ट करणे खरोखरच आवश्यक आहे, कारण एकाच ‘गाव’ शब्दाला तीन प्रत्यय लागून तीन वेगळी माणसे तयार होतात. गावकरी म्हणजे गावात राहणारा कोणीही. गावकर हे आडनाव. आणि गावकार म्हणजे कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेत वंशपरंपरेने हक्क असलेला, ज्याला तिच्या उत्पन्नातून झोण मिळतो. गावकार शहरात राहायला गेला तरी गावकारच राहतो, आणि गावकरी पन्नास वर्षे गावात राहिला तरी गावकार होत नाही.

भाववाचक नामाच्या दृष्टीनेही हे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या व्यवस्थेला गावकारी म्हणतात, जसे सावकाराच्या धंद्याला सावकारी आणि दुकानदाराच्या व्यवसायाला दुकानदारी. ‘ई’ लागली की व्यवहार किंवा संस्था उभी राहते. गावकार असण्याची भावना सांगायची असेल तर गावकारपणच म्हणावे लागेल. गोंयकारपणाला कोणी गोंयकारी म्हणत नाही याचे कारण हेच असावे की तिला कचेरी नाही, वही नाही आणि झोणही नाही.

तळ्याकाठची
मी माहेरची मुंबईची आणि सासरची फोंड्याची. चर्चेत ‘वाला’ राहून गेला आहे म्हणून माझ्या मुलाची गोष्ट सांगते. गृहपाठात त्याने डबेवाला, टांगेवाला, फुगेवाला या चालीवर ‘रिक्षेवाला’ आणि ‘चहेवाला’ असे लिहिले. बाईंनी दोन्ही चूक दिले, पण का ते सांगितले नाही. डबा, टांगा, फुगा, रिक्षा, चहा हे सगळे ‘आ’नेच संपतात. मग तिघांना ‘ए’ आणि दोघांना नाही, असे का?

रानफूल
डबेवाल्याकडे अनेक डबे असतात, फुगेवाल्याकडे अनेक फुगे. ते अनेकवचन आहे. चहाला अनेकवचन नाही, म्हणून चहावाला.

तळ्याकाठची
टांगेवाल्याकडे एकच टांगा असतो, ताई. आणि त्याला घोडाही एकच.

जुने मास्तर
आणि गोवाही एकच आहे, तरी गोवेकर. साधेपणात तर मोजायला काही नाहीच. त्यामुळे अनेकवचनाने हे सुटत नाही.

तळ्याकाठच्या ताईंनी मुलाला ‘चा’ लावून पाहायला सांगावे. डब्याचा, टांग्याचा, फुग्याचा. येथे शेवटचा ‘आ’ बदलतो, म्हणून ‘वाला’ लागतानाही बदलतो. रिक्षाचा, चहाचा. येथे बदलत नाही, म्हणून ‘वाला’पुढेही तो जागचा हलत नाही. जो शब्द विभक्तीपुढे वाकतो तोच प्रत्ययापुढे वाकतो. फक्त वाकण्याची तऱ्हा वेगळी. विभक्तीपुढे ‘डब्या’, आणि ‘वाला’पुढे ‘डबे’. ‘डब्यावाला’ कोणी म्हणत नाही.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट ही की या धाग्यातले तिन्ही प्रत्यय येथे एकसारखे वागतात. साध्याने पण साधेपणा, टांग्याचा पण टांगेवाला, गोव्यात पण गोवेकर. भाड्याने पण भाडेकरू, पहाऱ्यावर पण पहारेकरी. फारसीतून आलेला ‘दार’सुद्धा मसाल्याचा मसालेदार करताना हाच नियम पाळतो. प्रत्यय कोठून आला याची चौकशी भाषा करत नाही. आपल्या शब्दाला चिकटायचे असेल तर त्याला आपल्याच रीतीने चिकटवून घेते.

एकला
राजा या शब्दाचे ‘राजाचा’ होते, ‘राज्याचा’ म्हटले तर ते राज्याचे होईल. मग मास्तरांच्या कसोटीप्रमाणे ‘राजाशाही’ व्हायला हवे. आपण राजेशाही का म्हणतो?

जुने मास्तर
तुम्ही मला सुखाने जेवू देणार नाही असे दिसते. ‘राजे’ हे आदरार्थी रूप तेथे शिरले असावे असा माझा अंदाज आहे, अंदाजापलीकडे मी जात नाही.

तळ्याकाठची
मुलाला समजले. आता तो विचारतो की फोंड्याचा फोंडेकर, म्हापशाचा म्हापसेकर, मग शिरोड्याचा शिरोडकर का, शिरोडेकर का नाही?

साकव
कारण ते आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून झिजले आहे. काकोड्याचे काकोडकर तसेच. ‘ई’ने संपणाऱ्या गावांतही हेच दिसते. बोरीचे बोरकर, केरीचे केरकर, मंगेशीचे मंगेशकर. परंतु आज पणजीत राहणाऱ्यांविषयी बातमी लिहिताना आम्ही पणजीकर असेच लिहितो, ‘पणजकर’ नाही, कारण तो शब्द दर वेळी नव्याने घडतो. जुने घडलेले झिजते, नवे घडवलेले पूर्ण राहते. आणखी एक अडचण अशी की शिरोड्यात राहणारे सगळे शिरोडकर नसतात आणि बहुतेक शिरोडकर आता शिरोड्यात नसतात. तेथे ‘कर’ आडनावाने अडवून ठेवला आहे, म्हणून वर्तमानपत्रे नाइलाजाने ‘शिरोडावासीय’ लिहितात. त्याला ‘पण’ लावून पाहा. ‘शिरोडावासीयपण’ उच्चारताना दात दुखतात.

जुने मास्तर
साकव यांच्या झिजण्याच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. म्हाताऱ्याचे ‘म्हातारेपण’ न होता म्हातारपण झाले आणि शहाण्याचे शहाणपण झाले, ते शिरोडकराच्याच चालीने. नव्याने घडवायचा झाला तर ‘ए’ परत येतो. हळवेपणा, उथळपणा लिहिताना कोणी अडखळत नाही, फक्त उथळला मुळात ‘आ’च नाही, म्हणून तेथे ‘ए’ही नाही.

खाजेकार
कोणी गोवावाला या शब्दाचा विचार केला आहे का? माझा मामा मुंबईला नोकरीत होता, तेथे त्याला सगळे गोवावाला म्हणत, कारण सुटीवरून परतताना तो काजू घेऊन जायचा. तो चिडत असे. मी गोव्याचा आहे, गोवा विकत नाही, असे म्हणायचा.

जुने मास्तर
मामांचा कान तयार होता. ‘वाला’ माणसाचा एखाद्या वस्तूशी असलेला तेवढ्यापुरता संबंध सांगतो. पेपरवाला दुसऱ्या महिन्यात दूध टाकू लागला की दूधवाला होतो. ‘कर’ने सांगितलेला संबंध असा सुटत नाही. म्हणूनच बहुधा ‘वाला’ला ‘पण’ लागत नाही. गोवेकरपण म्हणता येते, ‘गोवावालेपण’ म्हटले तर हसू येते. जेथे असणे नाही तेथे असण्याचे नाव कोठून येणार? आणि पाहा, ‘गोवावाला’ म्हणणाऱ्यांनी ‘आ’ही वाकवला नाही, म्हणजे त्यांच्या तोंडी तो शब्द गोव्याच्या बोलण्यातून आलेला नव्हता.

रानफूल
‘गोवेकर’मधला ‘ए’ जुन्या ‘गोवें’ या नावातूनच आला असण्याची शक्यता नाही का? जुन्या मराठी लेखनात गोवें असे नपुंसकलिंगी रूप आढळते. तसे असेल तर तेथे वाकण्याचा प्रश्नच येत नाही, पेडणेकरासारखे सरळ ‘कर’ लागले.

जुने मास्तर
शक्यता आहे, आणि मला ती नाकारता येत नाही. दोन्ही वाटा एकाच रूपाशी येऊन पोचतात, त्यामुळे केवळ ‘गोवेकर’ या शब्दाकडे पाहून कोणती वाट खरी हे सांगता येणार नाही.

मांडवीकाठ
सर्वांचे आभार. माझा निर्णय बहुतेक झाला आहे. मूळ शब्दाचा आशय ‘गोवेकर असणे’ हा आहे, वागण्याची तऱ्हा नव्हे, म्हणून लेखात गोवेकरपण ठेवतो. लेखक एका परिच्छेदात गोवेकरांच्या संथ स्वभावाची थट्टा करतो, तेथे मात्र गोवेकरपणा ठेवणार आहे, कारण तेथे तोच हवा. राहिला ‘गोमंतकीयत्व’. तो काढावा का?

जुने मास्तर
‘त्व’ संस्कृत वळणाच्या शब्दाला शोभते. गोमंतकीयत्व चालेल, गोवेकरत्व चालणार नाही, जसे मूर्खत्व चालते आणि साधेत्व चालत नाही. ‘पण’ला असा सोवळेपणा नाही, तो दोन्ही घरी जेवतो. लेखाचा सूर बोलका असेल तर एकाच लेखात दोन्ही ठेवू नयेत.

एक सूचना. शीर्षकात विभक्ती आली तर पण आणि पणा यांतला फरक दिसेनासा होतो. गोवेकरपण असो वा गोवेकरपणा, पुढे ‘चा’ किंवा ‘विषयी’ आले की दोन्हींचे रूप एकच. गोवेकरपणाविषयी. खरे तर ‘आ’ने संपणारा पुल्लिंगी ‘पणा’ घोड्याप्रमाणे ‘पण्या’ व्हायला हवा होता, पण साधेपण्याने असे कोणी म्हणत नाही. त्याने ‘पण’चेच सामान्यरूप उसने घेतले आहे. लहानपणी, मोठेपणी, शांतपणे ही रूपेही ‘पण’ची आहेत. ‘पणा’च्या वाट्याला स्वतःची अशी फार थोडी रूपे आली.

मांडवीकाठ
म्हणजे शीर्षक ‘गोवेकरपणाविषयी थोडे’ असे दिले तर लेखक आणि मी दोघेही आपापल्या मताप्रमाणे वाचू शकतो. तेच देतो.

साकव
छपाईपूर्वी एक गोष्ट तपासून घ्या. अक्षरजुळणी करणारे हा लांब शब्द ओळीच्या शेवटी बसला नाही की जागा सोडून ‘गोवेकर पण’ असा तोडतात. मग ‘गोवेकर पण जपतात’ हे वाक्य ‘गोवेकरसुद्धा जपतात’ असे वाचले जाते, आणि वाचक पुढे विचारतो की काय जपतात. मजकूर अंतिम झाल्यावर सुटा ‘पण’ शोधून प्रत्येक ठिकाणी एकदा नजर टाकावी.

खाजेकार
आणि स्मरणिकेच्या प्रकाशनाला खाजें ठेवणार असाल तर कळवा. मी येतो, खाजेकारपणा करतो.